मधल्या ओळीतली चूक

डिप्लोमाच्या सर्वेक्षणाच्या वहीत शेवटची पडताळणी जुळली, की विद्यार्थी सुटकेचा श्वास टाकतो. तो कधीकधी फार लवकर टाकलेला असतो.

एक साधा तक्ता घ्या. बेंचमार्कची पातळी 100.000 मीटर, त्यावर बॅकसाइट 1.525, म्हणून यंत्राची उंची 101.525. मधल्या बिंदूवर वाचन 2.130, म्हणजे पातळी 99.395. बदलबिंदूवर फोरसाइट 0.980, पातळी 100.545. यंत्र हलवल्यावर तिथेच बॅकसाइट 1.240, आणि शेवटी फोरसाइट 1.860, अखेरची पातळी 99.925.

बॅकसाइटची बेरीज 2.765, फोरसाइटची 2.840, फरक उणे 0.075. पहिल्या आणि शेवटच्या पातळीतला फरकही तेवढाच.

आता वजाबाकी चुकून मधली पातळी 99.595 लिहिली गेली, तर? पडताळणी तरीही जुळते, कारण मधलं वाचन त्यात येतच नाही. चढ-उतार पद्धतीत प्रत्येक बिंदू आधीच्याशी जोडलेला असतो. तिथे 0.605 चा उतार 0.405 लिहिला, तर चढ 1.150 आणि उतारांची बेरीज 1.025, फरक अधिक 0.125 येतो आणि चूक उघडी पडते.

पण स्टाफवरचं 2.130 हेच कुणी 2.310 वाचलं, तर दोन्ही पद्धती गप्प राहतात. ती चूक शेतातच, पुन्हा वाचून पकडावी लागते.