मोटरीची पाटी आणि रिलेची चकती

खंडाळा तालुक्यातील एका शेतकऱ्याची विहिरीवरची मोटर एकाच उन्हाळ्यात दोनदा जळाली. दोनदा ती भरून आणली. तिसऱ्यांदा बसवताना त्यांनी आम्हाला बोलावले. आम्ही काही वायरमन नव्हे; पण शाळेच्या विहिरीची मोटर बरीच वर्षे सांभाळली, म्हणून लोक विचारतात.

आम्ही आधी मोटरीच्या अंगावरची पाटी पाहिली. तिच्यावर तेलाचा थर बसला होता. चिंधीने पुसल्यावर आकडे दिसले. ७.५ हा अश्वशक्तीचा. ५.५ हा किलोवॉटचा, म्हणजे तोही शक्तीचाच. ४१५ हा व्होल्टचा. आणि ११ च्या शेजारी इंग्रजी 'ए', घराच्या छपरासारखे दिसणारे अक्षर. हे अँप. पूर्ण भाराला मोटर एवढी वीज ओढते. आपल्याला हवा तो हाच आकडा. अश्वशक्तीवरून अँपचा अंदाज बांधू नका. तेवढ्याच अश्वशक्तीची पाणबुडी मोटर जास्त अँप घेते.

आता स्टार्टर. त्यात रिले नावाचा पहारेकरी असतो. मोटरीची वीज त्यातून जाते. वीज जास्त झाली की आतल्या पट्ट्या तापून वाकतात आणि मोटर बंद पडते. किती अँपला वाकायचे, ते एका लहान चकतीने ठरवतात.

आम्ही मेन बंद करून झाकण उघडले. चकती ११ वर होती. मालक म्हणाले, "गुरुजी, पाटीवर अकरा, इथंबी अकरा. मग चुकलं कुठं?"

चुकले ते तारांत. स्टार्टरमधून मोटरीकडे तीन तारा जात असतील, तर पाटीचाच आकडा लावायचा. इथे सहा तारा होत्या. हा स्टार-डेल्टा स्टार्टर. त्यात मेन लाइनीची वीज आत वाटली जाते, आणि रिले बहुधा त्या वाटलेल्या विजेवर असतो. त्याच्या वाट्याला शंभरातले ५८ भागच येतात. म्हणून ११ ला ०.५८ ने गुणायचे. आले सुमारे ६.४. चकती ११ वर ठेवली, तर मेन लाइनीत १९ अँप होईपर्यंत रिले गप्प बसतो. तोवर वायंडिंग जळते. मात्र काही स्टार्टरांत रिले मेन लाइनीवरच असतो. तिथे पूर्ण ११ लावतात. झाकणाच्या आतला कागद पाहावा, नाहीतर वायरमनला विचारावे.

चकती ६.४ वर आणली. पाऊण तासाने मोटर बंद पडली. मालकांचा हात लगेच चकतीकडे गेला. आम्ही तो धरला. बहुतेक मोटरी इथेच जळतात! वायरमनने टोंग टेस्टरने मेन लाइन मोजली, तर १४ अँप. व्होल्टेज ठीक होते. व्होल्टेज कमी असते, तरी अँप वाढलेच असते. मग मेन बंद करून पंपाचा दांडा हाताने फिरवला. तो जड लागला. ग्लँडची दोरी फार आवळली होती आणि बेअरिंगही गेले होते.

बेअरिंग बदलले, दोरी सैल केली. पुन्हा मोजले तेव्हा १०.५ अँप भरले. चकती ६.४ वरच राहिली. मालकांनी तो आकडा खडूने स्टार्टरच्या झाकणावर लिहून ठेवला.