रुपयांत की युरोत?

पॅरिसच्या दुकानात कार्ड लावलं की मशीन विचारतं: युरोत द्यायचे की रुपयांत? रुपये ओळखीचे, म्हणून बोट तिकडेच जातं. पण तो दर दुकानदाराच्या बँकेचा असतो, नफा आत धरूनच.

समजा, युरोचा दर १०० रुपये आणि बिल १०० युरो. युरो निवडले, तर आपली बँक १०,००० वर साडेतीन टक्के मार्कअप (३५०) आणि त्यावर १८ टक्के जीएसटी (६३) लावते, एकूण १०,४१३. रुपये निवडले आणि मशीनचा दर १०६ असला, तर १०,६०० तिथेच झाले. वर, व्यवहार रुपयांत असूनही दुकान परदेशी म्हणून अनेक भारतीय बँका वेगळं शुल्क आकारतात! पावतीवर रुपयांचा आकडा दिसला, तर सही करण्याआधी व्यवहार रद्द करून युरोत करायला सांगावं.