भाव रोज बदलतो, क्यूआर तोच राहतो

वसई-विरारच्या खानावळीत सुरमई थाळीचा भाव सकाळी अर्नाळ्याला मासळी काय दराने मिळाली त्यावर ठरतो. म्हणून क्यूआरमागे मेनूचा फोटो ठेवू नका, रोज नवा चढवायचा कंटाळा येतोच! पदार्थ, भाव आणि ‘आहे/संपलं’ असे तीन रकाने गूगल शीटमध्ये करा, शीट वेबवर प्रकाशित करा आणि त्याच लिंकचा क्यूआर छापा. मग गल्ल्यावरून मोबाईलवर रकाना बदलला की झालं.

मात्र बदल गिऱ्हाइकाला दिसायला काही मिनिटं लागतात. म्हणून बोंबील फ्रायच्या शेवटच्या दोन प्लेट उरल्या की लगेच ‘संपलं’ लिहा. त्या दोन वेटरने तोंडी विकाव्यात.

फुकट चाचणीवाले ‘डायनॅमिक’ क्यूआर मुदत संपल्यावर बंद पडू शकतात. लॅमिनेशन करण्याआधी तेवढं तपासा.