२३५० म्हणजे ‘म’

एखाद्या वेबपानावर मराठी मजकुराऐवजी असे काही दिसते:

```
&#2350;&#2352;&#2366;&#2336;&#2368;
```

मजकूर हरवलेला नसतो. प्रत्येक आकडा युनिकोडमधल्या एका चिन्हाचा दशमान क्रमांक असतो. युनिकोडचे तक्ते मात्र सोळाच्या पायावर मांडलेले आहेत. तिथे नवानंतर A ते F ही अक्षरे १० ते १५ साठी येतात.

पहिला आकडा घेऊ. २३५० ला १६ ने भागले की भागाकार १४६, बाकी १४, म्हणजे E. १४६ ला भागले की ९, बाकी २. उरले ९. आता बाक्या शेवटाकडून वाचायच्या: 92E. चार अंक होण्यासाठी पुढे शून्य लावले की U+092E, म्हणजे ‘म’.

घोटाळा होतो तो वाचण्याच्या क्रमात. उलट वाचून E29 घेतले, तर U+0E29 हे थाई अक्षर हाती येते. देवनागरीचा मुख्य विभाग U+0900 ते U+097F, म्हणजे २३०४ ते २४३१ असा आहे. उत्तर त्याबाहेर गेले की गणित तपासावे.

उरलेले आकडे र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी यांचे आहेत. काना-वेलांटीला स्वतंत्र क्रमांक असतो, म्हणून ‘मराठी’ची तीन अक्षरे पाच आकड्यांत लिहिली जातात.