GOA म्हणजे गोवा नव्हे

नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालं आणि NMI ही तीन अक्षरं तिकिटांवर दिसू लागली. त्याच विमानतळाचा दुसरा, चार अक्षरी कोड VANM, पण तो प्रवाशाच्या कानावर सहसा पडत नाही. वैमानिक आणि हवाई नियंत्रक मात्र तोच वापरतात, आणि माझ्या मते दोन्हींत शहाणा तोच आहे.

तीन अक्षरी कोड तिकीट आणि सामानासाठी असतो. त्यावरून देश ओळखता येत नाही. GOA हा कोड गोव्याचा नाही, इटलीतल्या जेनोआचा आहे. दाभोळीला GOI मिळाला, मोपाला GOX. आता जेनोआचा चार अक्षरी कोड पाहा: LIMJ. L म्हणजे दक्षिण युरोप, LI म्हणजे इटली. दाभोळी VOGO, मोपा VOGA. इथे देशाची गल्लत होणं शक्य नाही.

चार अक्षरी कोड वाचायची रीत आपल्या पिनकोडसारखी, डावीकडून उजवीकडे. पहिलं अक्षर जगाचा मोठा पट्टा सांगतं. V मध्ये भारतापासून व्हिएतनामपर्यंतचा भाग येतो. दुसरं अक्षर बहुधा देशाचं: VN नेपाळ, VC श्रीलंका, VT थायलंड. भारत मोठा, म्हणून त्याला चार जोड्या: पश्चिमेला VA, उत्तरेला VI, पूर्वेला VE, दक्षिणेला VO. उरलेली दोन अक्षरं विमानतळाची. प्रवासी विमानं न उतरणाऱ्या जुहूलाही VAJJ आहे, कारण उड्डाणाचा आराखडा आणि हवामानाचा अहवाल तिथेही लागतोच.

अमेरिकेच्या मुख्य भूमीला मात्र K हे एकच अक्षर पुरतं, म्हणून न्यूयॉर्कचं JFK इथे KJFK होतं. हवाई बेटं अमेरिकेचीच, पण त्यांचा कोड प्रशांत महासागराच्या P ने सुरू होतो.

या पट्ट्यांना राजकारणाचाही वास आहे. कराचीचा कोड OPKC. म्हणजे पाकिस्तान आपल्या V मध्ये नाही, दुबईच्या OMDB बरोबर O मध्ये आहे. सोव्हिएत संघाचा पट्टा U. त्यातून बाहेर पडलेले एस्टोनिया, लॅटव्हिया आणि लिथुएनिया उत्तर युरोपच्या E मध्ये गेले. युक्रेन मात्र अजून UK या जोडीनेच ओळखला जातो.

म्हणूनच या कोडवरून नकाशा वाचताना एक सावधगिरी हवी. सिंधुदुर्गचं चिपी विमानतळ महाराष्ट्रात आहे, पण त्याचा कोड VOSR. मुंबई, पुणे, नागपूर, शिर्डी सगळी VA. चिपी मात्र गोव्याच्या रांगेत, दक्षिणेत. दुसरं अक्षर राज्याची हद्द मानत नाही, ते हवाई वाहतुकीच्या सोयीने केलेली विभागणी सांगतं. तरीही देश मात्र त्यातून कळतो. विमान भरकटल्याची किंवा वळवल्याची बातमी देताना आपण तीन अक्षरी कोडच छापतो. चार अक्षरी छापला, तर ते कुठल्या देशात उतरलं हे वाचकाला निदान तिथल्या तिथे कळेल.