नावापुढच्या टिंबाने अडलेला सर्व्हर

ऑनलाइन अर्जात नावाचा रकाना असतो. तिथे फक्त इंग्रजी अक्षरे आणि दोन शब्दांमध्ये मोकळी जागा चालेल, असा नियम आहे असे समजा. अर्जदार `Ramchandra Vishwanath Kulkarni.` असे लिहितो. शेवटचे टिंब सवयीने पडलेले. सर्व्हरने लगेच सांगायला हवे की नावात टिंब चालत नाही. पण उत्तर येत नाही. पडद्यावरचे चक्र फिरत राहते, अर्जदार कंटाळून पुन्हा बटण दाबतो, आणि थोड्या वेळाने ज्यांच्या नावात टिंब नाही अशांचेही अर्ज अडकू लागतात.

कुणी हल्ला केलेला नाही. डेटाबेस ठीक आहे, नेटवर्कही ठीक आहे. दोष आहे तो नाव तपासणाऱ्या एका ओळीत:

```
^([A-Za-z]+ ?)+$
```

अशा ओळीला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. प्रोग्रामर मंडळी नुसते ‘रेगेक्स’ म्हणतात. मजकुराचा साचा कसा असावा, हे त्यात चिन्हांनी सांगितलेले असते. `^` म्हणजे मजकुराची सुरुवात आणि `$` म्हणजे शेवट. `[A-Za-z]+` म्हणजे एक किंवा अधिक अक्षरे. त्यापुढची मोकळी जागा आणि `?` मिळून ‘एक मोकळी जागा असली तर असो, नसली तरी चालेल’ असा अर्थ होतो. कंसाबाहेरचा `+` सांगतो की हा सगळा गट कितीही वेळा येऊ शकतो. वाचताना नियम बरोबर वाटतो आणि चाचणीतही तो उत्तीर्ण होतो, कारण योग्य नाव पहिल्याच फटक्यात साच्यात बसते. खरा खर्च मजकूर साच्यात बसत नाही तेव्हा होतो.

पुष्कळ भाषांमधली रेगेक्सची इंजिने एका ठरावीक पद्धतीने चालतात. आधी जमेल तेवढी अक्षरे घ्यायची आणि पुढे अडले की एक अक्षर सोडून मागे यायचे, दुसरी वाट धरून पाहायची. या मागे येण्याला बॅकट्रॅकिंग म्हणतात. सगळ्या वाटा संपल्याशिवाय इंजिन ‘नाही’ म्हणत नाही. `Uma.` हा छोटा मजकूर वरच्या साच्याला दिला, तर इंजिन अक्षरांचे असे तुकडे पाडून पाहते:

```
Uma
Um + a
Um
U + ma
U + m + a
U + m
U
```

प्रत्येक वेळी ‘मजकूर इथे संपला का?’ हे तपासायचे आणि उत्तर नकारार्थी आले की पुढची मांडणी घ्यायची. तीन अक्षरांसाठी अशा सात तपासण्या झाल्या. टिंब साच्यात बसणारच नाही हे आपल्याला पहिल्याच ओळीत दिसते. इंजिनाला मात्र तीच अक्षरे वेगळ्या तऱ्हेने तोडून पाहावीशी वाटतात, कारण आपणच तशी मुभा दिली आहे. मोकळी जागा ऐच्छिक ठेवल्यामुळे सलग अक्षरांचा एक गट मानायचा की तीन, हे साच्याने सांगितलेलेच नाही.

एक अक्षर वाढले की तपासण्या जवळपास दुप्पट होतात. चार अक्षरांना 15, दहा अक्षरांना 1,023, वीस अक्षरांना 10,48,575. आपल्या अर्जदाराच्या नावात 28 अक्षरे आहेत. त्याने मोकळ्या जागा न सोडता ती सलग लिहिली असती, तर 26,84,35,455 तपासण्या झाल्या असत्या. त्याने जागा नीट सोडल्या आहेत, त्यामुळे शब्दांच्या सीमा तरी ठरलेल्या आहेत. तरीही संख्या सुमारे पावणेसात कोटींवर जाते. सेकंदाला पाच कोटी तपासण्या होतात असे धरले, तर 28 सलग अक्षरांना पाच-सहा सेकंद लागतील. त्याच हिशेबाने 40 सलग अक्षरांना सहा तास. यालाच कॅटास्ट्रॉफिक बॅकट्रॅकिंग म्हणतात. नको असलेले चिन्ह कुठे आले यालाही महत्त्व आहे. `R.K. Kulkarni` हे नाव क्षणात नाकारले जाते, कारण टिंबाआधी एकच अक्षर आहे. चिन्ह जितके शेवटाकडे, तितके मागे फिरणे जास्त. काही इंजिने असे सोपे साचे ओळखून आडवाट काढतात, पण त्यावर भरवसा ठेवता येत नाही.

एका अर्जदाराला वाट पाहावी लागली, तर बाकीच्यांचे का अडावे? नोडजेएसवर चालणाऱ्या सर्व्हरमध्ये एका प्रोसेसमधला सगळा जावास्क्रिप्ट कोड साधारणपणे एकाच थ्रेडवर चालतो. साचा जुळवण्याचे काम सुरू असताना मध्ये थांबून दुसऱ्याची विनंती हाती घेण्याची सोय त्यात नसते. ज्या सर्व्हरवर आठ कामगार प्रोसेस आहेत, तिथे अशा आठ विनंत्या आल्या की दार बंद. अर्जदाराने पान बंद केले तरी सर्व्हरवरचे काम बहुधा चालूच राहते, आणि पुन्हा बटण दाबले की त्यात आणखी एका विनंतीची भर पडते. हे कुणी मुद्दाम केले तर त्याला ‘रीडॉस’ हल्ला म्हणतात. त्यासाठी हजारो संगणकांची फौज लागत नाही, शे-सव्वाशे अक्षरांचा मजकूर पुरतो.

हा बिघाड ओळखण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. प्रोसेसरचा एखादा कोअर 100 टक्क्यांवर चिकटून बसतो, पण मेमरी वाढत नाही आणि डेटाबेसवर ताण दिसत नाही. लॉगमध्ये चूक नोंदलेली नसते. अनेक ठिकाणी विनंती पूर्ण झाल्यावरच तिची नोंद होते, त्यामुळे गुन्हेगार विनंतीचा मागमूसही नसतो. अशा वेळी चालू प्रोसेसचा स्टॅक काही सेकंदांच्या अंतराने दोन-तीनदा काढून पाहावा. दर वेळी तो रेगेक्स जुळवण्याच्या एकाच जागी अडकलेला दिसला, तर निदान झाले.

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तो लांबीवर मर्यादा घालण्याचा. तो कुठे लागू पडतो आणि कुठे नाही, हे 20 जुलै 2016 च्या एका घटनेवरून कळते. त्या दिवशी स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रामरांचे प्रश्नोत्तरांचे संकेतस्थळ 34 मिनिटे बंद पडले. तिथला साचा मजकुराच्या दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा काढून टाकण्यासाठी होता:

```
^[\s\u200c]+|[\s\u200c]+$
```

एका प्रश्नातल्या कोडमध्ये, ओळीच्या मधोमध, सुमारे 20,000 मोकळ्या जागा सलग आल्या होत्या आणि त्यांच्यापुढे दुसरे चिन्ह होते. इंजिन पहिल्या मोकळ्या जागेपासून निघून सगळ्या ओलांडी आणि शेवटी मजकूर संपला नाही म्हणून हात हलवत परते. मग दुसऱ्या जागेपासून तोच प्रवास, मग तिसऱ्यापासून. 20,000 अधिक 19,999 अधिक 19,998 असे करत सुमारे 20 कोटी पावले झाली. तो प्रश्न मुखपृष्ठावर दिसत होता, आणि सर्व्हर जिवंत आहे की नाही हे लोड बॅलन्सर मुखपृष्ठ मागवूनच तपासत होता. त्यामुळे धडधाकट सर्व्हरही मृत ठरले आणि संकेतस्थळ पडले. अभियंत्यांनी तो साचा काढला आणि त्याजागी साधे सबस्ट्रिंग फंक्शन वापरले.

इथली वाढ वर्गाच्या गतीची आहे: लांबी दुप्पट झाली की काम चौपट होते. हाच मजकूर 200 अक्षरांवर तोडला असता, तर 20,000 सारख्या पावलांत काम आटोपले असते. म्हणजे अशा साच्याला लांबीची मर्यादा वाचवते. आपला नावाचा साचा वेगळ्या जातीचा आहे. पूर्ण नावाला 50 अक्षरे तरी द्यावीच लागतील, आणि तो 40 अक्षरांतच सर्व्हर झोपवतो. मर्यादा घालायचीच, तीही रेगेक्सच्या आधी आणि सर्व्हरवर. ब्राउझरमधल्या रकान्याची मर्यादा सर्व्हरला थेट विनंती पाठवणाऱ्याला लागू होत नाही. पण दुप्पट होत जाणाऱ्या साच्यावर ते औषध नव्हे.

त्यावर औषध आहे साचा असा लिहिणे, की एका मजकुराचे तुकडे एकाच तऱ्हेने पडतील:

```
^[A-Za-z]+( [A-Za-z]+)*$
```

बदल छोटा आहे. मोकळी जागा आता ऐच्छिक नाही. पुढचा गट सुरू व्हायचा तर आधी ती आलीच पाहिजे, म्हणून सलग अक्षरे दोन गटांत विभागण्याची वाटच उरत नाही. तेच टिंब लागलेले 28 अक्षरी नाव या साच्याला दिले, तर ‘मजकूर संपला का?’ ही तपासणी प्रत्येक अक्षरापाशी एकदा, म्हणजे 28 वेळा होते. पावणेसात कोटींच्या जागी 28. शेवटी राहिलेली मोकळी जागा जुना साचा खपवून घेत असे, नवा घेत नाही; ती आधीच छाटून घ्यावी.

दुसरी वाट इंजिनच बदलण्याची. केन थॉम्पसन यांनी 1968 मध्येच अशी पद्धत मांडली होती, की सगळ्या शक्य वाटा एकाच वेळी बरोबर घेऊन मजकूर एकदाच वाचायचा, मागे फिरायचेच नाही. गूगलचे आरई2, गो भाषेतले मूळ इंजिन आणि रस्टमधले प्रचलित इंजिन याच मार्गाने जातात. तिथे वेळ मजकुराच्या लांबीच्या प्रमाणातच वाढतो. 2 जुलै 2019 रोजी क्लाउडफ्लेअरची सेवा एका नव्या रेगेक्समुळे सुमारे 27 मिनिटे कोलमडली, त्यानंतर त्या कंपनीनेही अशाच इंजिनाकडे जायचे ठरवले. याची एक किंमत अशी, की आधी सापडलेला तुकडा पुढे पुन्हा जसाच्या तसा यावा, अशी अट या इंजिनांत घालता येत नाही. नाव, पिनकोड, ईमेल तपासताना ती सहसा लागतही नाही.

जुना कोड हाती आला, तर शोध घ्यायची खूण सोपी आहे: कंसाच्या आत `+` किंवा `*` आणि त्याच कंसाच्या बाहेर पुन्हा `+` किंवा `*`. तसे प्रत्येक ठिकाण सदोषच असते असे नाही. दुरुस्त साच्यातही ते आहे. खात्री चाचणीने करावी. साच्याला आवडणारी 20 अक्षरे घ्यायची, शेवटी न चालणारे एक चिन्ह लावायचे आणि वेळ मोजायचा. मग 21, 22, 23 अक्षरांनी तेच. दर अक्षरागणिक वेळ दुप्पट होऊ लागला, तर तो साचा चालत्या सर्व्हरवर एक दिवसही ठेवू नये. चाचण्यांच्या यादीत योग्य नावे भरपूर असतात. लांबलचक, शेवटच्या चिन्हापर्यंत बरोबर आणि तिथेच चुकलेले नाव त्या यादीत घालणारे थोडे, म्हणून हा दोष वर्षानुवर्षे दडून राहतो.