चादरीवर रक्ताचा डाग पडलाय? गीझर आधी बंद करा

रक्ताचा डाग थंड पाण्याने धुवावा, हे आपल्या घरात बहुतेकींना माहीत असतं. अडचण अशी की चेन्नईत मे महिन्यात दुपारी दोन वाजता नळ सोडला, तर थंड पाणी नळाला येतच नाही. गच्चीवरची टाकी आणि उन्हात पडलेले पाइप सकाळपासून तापत असतात. पहिले दोन-तीन मग पाणी तर इतकं कढत येतं की हात चटकन मागे घ्यावा लागतो. इथे ४ मेच्या सुमारास ‘अग्निनक्षत्रम्’ लागतं. ते दिवस म्हणजे सगळ्यात कडक उन्हाळा. अशा वेळी ‘थंड’ म्हणजे नेमकं किती थंड आणि थंडच का, हे कळलं तर चादर वाचते.

दुसरी अडचण आपल्या मनातच असते. रक्त म्हटलं की जंतू आठवतात आणि जंतू म्हटलं की उकळतं पाणी. माझी मामेबहीण बाळंतपणासाठी चेन्नईतच राहिली. मामी पुण्याहून आली, येताना दोन पांढऱ्या सुती डबल चादरी घेऊन आली. बाळाचे लंगोट, दुपटी, वाट्या-चमचे सगळं उकळून निघत होतं. त्याच ओघात रक्ताचा डाग पडलेली पहिली चादर मामीने गीझरच्या कढत पाण्यात पावडर घालून भिजवली. तासाभराने पाणी लाल झालं होतं, म्हणून तिला वाटलं डाग निघाला. चादर पिळून पाहिली तर तळहाताएवढा तपकिरी नकाशा तसाच. कामाला येणाऱ्या अक्का म्हणाल्या, “पच्चै तण्णी, अम्मा, पच्चै तण्णी!” तमिळमध्ये ‘पच्चै’ म्हणजे हिरवं आणि कच्चंही. पच्चै तण्णी म्हणजे न तापवलेलं, कच्चं पाणी. ‘कच्चं’ हा शब्द इथे अगदी चपखल बसतो, कारण गरम पाण्यात रक्त खरोखर शिजतं.

डाग ‘शिजतो’ म्हणजे काय?

रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिनचा. हे एक प्रथिन आहे, लोह असलेलं, आणि ताजं असताना ते पाण्यात सहज विरघळतं. साधं पाणी तांबड्या पेशींत शिरतं, पेशी फुगून फुटतात आणि आतलं हिमोग्लोबिन पाण्यात मिसळतं. म्हणून थंड पाण्यात बुडवलेल्या ताज्या डागातून लाल धूर सुटल्यासारखा दिसतो. साबणही न लावता अर्ध्याहून जास्त काम इथेच होतं.

आता अंड्याचा पांढरा बलक आठवा. तोही पाण्यात कालवलेलं प्रथिन आहे. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे तो गोठू लागतो, आणि उकडलेलं अंडं गार पाण्यात कितीही वेळ ठेवलं तरी पुन्हा पातळ होत नाही. रक्तातल्या प्रथिनांचंही असंच आहे. त्यांच्या घड्या उष्णतेने उलगडतात, ती एकमेकांत गुंततात आणि त्यांच्या न विरघळणाऱ्या गुठळ्या होतात. रक्त गोठायला मदत करणारं फायब्रिनोजेन तर ५६ अंशांच्या आसपासच साकळतं. गीझरमधलं पाणी ६० अंशांपर्यंत किंवा त्याहूनही जास्त तापू शकतं, म्हणजे डाग शिजायला पुरेसं.

सुती कापडात हे जास्त भोवतं. सुताचा धागा बारीक तंतू पिळून केलेला असतो आणि पाणी लागलं की ते तंतू फुगतात. पातळ रक्त या तंतूंच्या मधल्या फटींत खोल जातं. तिथेच ते गोठलं की गुठळी आत अडकते. वरून घासलं तर वरचा थर निघतो, आतला राहतो. लोह असतंच, त्यामुळे लाल रंग गेला तरी तपकिरी-पिवळी छटा मागे उरते.

विश्वास बसत नसेल तर जुन्या सुती फडक्याचे दोन तुकडे घ्या, दोन्हींवर अंड्याचा थोडा पांढरा बलक लावा. एक नळाच्या गार पाण्यात चोळा, दुसऱ्यावर उकळतं पाणी ओता आणि मग चोळा. पहिला स्वच्छ निघेल, दुसऱ्याच्या विणीत पांढरे कण अडकून बसतील. मामीला मी हाच प्रयोग करून दाखवला. पुढे घरात कोणी गीझरकडे हात नेला की ती स्वतःच म्हणायची, “आमलेट करू नकोस गं.”

मग उन्हाने तापलेलं टाकीचं पाणी? ते सहसा अंडं शिजण्याइतकं गरम नसतं, त्यामुळे त्याने लगेच चादर बिघडेल असं नाही. पण पाइपातले पहिले मग भरवशाचे नाहीत. ते बाजूच्या बादलीत काढा आणि फरशी पुसायला वापरा. हाताला गार लागेल असं पाणी मिळत नसेल तर बादलीत बर्फाचा एक ट्रे रिकामा करा. माठ असेल तर त्यातलं पाणी उत्तम.

दुसरी चादर

दोन दिवसांनी दुसऱ्या चादरीवर तेवढाच डाग पडला, पहाटे. या वेळी आम्ही चादर पूर्ण भिजवलीच नाही. सगळी चादर बुडवली की रक्त पातळ होऊन कोऱ्या भागावर पसरतं, आणि डबल चादर पिळताना कंबर मोडते ती वेगळीच. शिवाय पाणी. २०१९च्या उन्हाळ्यात पूंडी, रेड हिल्स, चेंबरमबाक्कम ही चेन्नईची तळी जवळजवळ कोरडी पडली होती आणि लोक घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभे होते. त्या दिवसांतून गेलेली अक्का नळ सोडून कापड धरू देत नाही, आणि तशी गरजही नसते.

डागाचा भाग उलटा करून टबावर ताणून धरला, म्हणजे डागाची मागची बाजू वर. त्यावर उंचावरून मगाने पाणी ओतलं. रक्त ज्या बाजूने आत गेलं त्याच बाजूने ते बाहेर पडतं. पुढून ओतलं तर ते आणखी आत ढकललं जातं. चार-पाच मगांनंतर फक्त तेवढा भाग अर्ध्या बादली पाण्यात दहा मिनिटं ठेवला. पाणी लाल झालं. ते ओतून दुसरं घेतलं, ते गुलाबी झालं. तिसरं जवळजवळ नितळ राहिलं. रंग सुटायचा थांबेपर्यंत पाणी बदलायचं, त्याआधी साबण लावायचा नाही. मीठ टाकावं असं आपल्याकडे सांगतात. टाकलं म्हणून बिघडत नाही, पण ताज्या डागाला साधं पाणीच बरं, कारण फार खारट पाण्यात पेशी फुटण्याऐवजी आक्रसतात.

मग द्रव डिटर्जंटचे चार-पाच थेंब, कापडावर कापड हलकेच चोळून, आणि वीस मिनिटं तसंच. कपड्याच्या साबणाची वडी मी इथे टाळते. चेन्नईत बऱ्याच ठिकाणी बोअरचं पाणी जड असतं, त्यात वडीचा फेस होत नाही आणि करडा थर कापडावर बसतो.

खळबळून झाल्यावर चादर ओली असतानाच खिडकीपाशी उजेडाकडे धरून पाहिली. डागाच्या मधोमध काही नव्हतं, पण कडेने फिकट पिवळी रेघ दिसत होती. अशी रेघ हमखास राहते आणि वाळल्यावर, इस्त्री फिरल्यावर ती पक्की होते. इस्त्री म्हणजे कोरडं गरम पाणीच समजा. म्हणून रेघ दिसत असेल तर चादर उन्हात घालू नका.

पांढऱ्या चादरीसाठी इथे हायड्रोजन पेरॉक्साइड कामी येतं. औषधाच्या दुकानातल्या बाटलीवर बऱ्याचदा ६ टक्के लिहिलेलं असतं. तसं असेल तर तेवढंच पाणी मिसळून घ्या. हातमोजे घालून रेघेवर ओतलं की फेस येतो, कारण रक्तातलं एक एन्झाइम पेरॉक्साइड फोडून ऑक्सिजन सोडतं. पाच-सात मिनिटांनी धुवून टाका, लागलं तर पुन्हा एकदा. ब्लीचबरोबर ते कधीही मिसळू नका. आमची रेघ दुसऱ्या वेळेला गेली.

आणि जंतू? रक्त पूर्ण निघाल्यावर चादर खुशाल गरम पाण्यात धुवा. रुग्णालयांतही आधी गार पाण्याची फेरी देतात आणि मग ७० अंशांच्या वरची. परीट भट्टी लावतात आणि तमिळ वण्णार ‘वेळ्ळावी’ लावतात, म्हणजे क्षाराच्या मातीत भिजवलेले कपडे वाफवतात. तीही याच नियमात बसते. रक्ताचा डाग भट्टीला जाण्याआधी निघालेला असला पाहिजे. कपडे बाहेर देत असाल तर हे सांगून द्या. मशीनमध्ये ‘कॉटन’चा प्रोग्रॅम बऱ्याचदा ४० किंवा ६० अंशांवर लावलेला असतो, तो आधी बदला. दुसऱ्या कोणाचं रक्त असेल तर हातमोजे पहिल्या मगापासूनच घाला.

शिजलेल्या डागाचं काय?

पहिल्या चादरीवर आम्ही आशा सोडली नव्हती. गोठलेलं प्रथिन पाण्यात विरघळत नाही, पण तोडता येतं. पाकिटाच्या मागे ‘एन्झाइम’ किंवा ‘प्रोटीएज’ लिहिलेली धुण्याची पावडर हेच करते, प्रथिनाचे बारीक तुकडे. तिला कोमट पाणी लागतं, मनगटावर ऊन वाटेल न वाटेल इतकंच, आणि वेळ लागतो. रात्रभर ठेवून सकाळी खळबळायचं. आठवडाभर कपाटात राहून गेलेल्या जुन्या डागालाही हेच, कारण हवेने आणि वाळल्याने हिमोग्लोबिन तपकिरी आणि हट्टी होतं. आमचा तपकिरी नकाशा दोन रात्रींत फिकट पिवळा झाला, पूर्ण गेला नाही. उरतो तो बहुतेक लोहाचा रंग, त्यावर प्रोटीएजचा इलाज नाही. लिंबाचा रस लावून तासभर ठेवल्याने आणखी थोडा उतरला. रेशमी किंवा लोकरी कापडावर मात्र ही पावडर वापरू नका. रेशीम आणि लोकर स्वतःच प्रथिनं आहेत.

रंगीत चादरीला, मग ती इथल्या चेन्निमलैच्या हातमागावरची असो वा आपली सोलापुरी, पेरॉक्साइड लावण्याआधी दुमडलेल्या कडेच्या आतल्या बाजूला एक थेंब टाकून दहा मिनिटं थांबा आणि पांढरं फडकं दाबून पाहा. फडक्याला रंग लागला किंवा कडेवर फिकट ठिपका पडला, तर गार पाणी आणि डिटर्जंटवरच थांबा.